रीमान गोल आणि अनंतबिंदू: या चुका टाळा

संमिश्र विश्लेषणाचा पेपर तपासताना एक गंमत हमखास दिसते. z = 2 या संख्येची गोलावरची प्रतिमा काढायची असते. एक विद्यार्थी (0.8, 0, 0.6) लिहितो, दुसरा (0.4, 0, 0.8). दोघे एकमेकांच्या वहीत डोकावतात, मग एकजण आपलं उत्तर खोडतो. खोडायची गरज नव्हती. दोघांचंही बरोबर होतं, फक्त गोल वेगवेगळे होते.

स्टिरिओग्राफिक प्रक्षेपाची कल्पना सोपी आहे. गोलाच्या उत्तरध्रुवावरून प्रतलातल्या बिंदूकडे सरळ रेषा काढायची. ती गोलाला ध्रुवाखेरीज आणखी एका जागी छेदते, तीच त्या बिंदूची प्रतिमा. पण गोल प्रतलाशी कसा ठेवायचा, यावर पुस्तकांचं एकमत नाही. काही पुस्तकं एकक त्रिज्येचा गोल घेतात, केंद्र आरंभबिंदूवर, म्हणजे प्रतल गोलाच्या विषुववृत्तातून जातं. काही पुस्तकं १ व्यासाचा गोल प्रतलावर चेंडूसारखा ठेवतात, दक्षिणध्रुव शून्यावर टेकलेला. पहिल्या पद्धतीची सूत्रं अशी:

X = 2x/(|z|²+1), Y = 2y/(|z|²+1), Z = (|z|²−1)/(|z|²+1)

दुसऱ्या पद्धतीत तीच माणसं वेगळ्या कपड्यांत येतात: ξ = x/(|z|²+1), η = y/(|z|²+1), ζ = |z|²/(|z|²+1). चूक होते ती एका पुस्तकातून X आणि दुसऱ्यातून ζ उचलताना. असं घडलंय का ते ओळखायला एक ओळ पुरते. पहिल्या गोलावर X²+Y²+Z² = 1 यायला हवं, दुसऱ्यावर ξ²+η²+ζ² = ζ. z = 2 साठी 0.64 + 0.36 = 1, ठीक. आणि 0.16 + 0.64 = 0.8, तेही ठीक. (0.8, 0, 0.8) आलं तर मात्र बिंदू कुठल्याच गोलावर नाही, हवेत लटकतोय.

माझं म्हणाल तर सूत्र पाठ करूच नका. ध्रुव N = (0, 0, 1) पासून (x, y, 0) कडे जाणाऱ्या रेषेवरचा बिंदू (tx, ty, 1−t) असतो. तो गोलावर आहे असं म्हटलं की t²|z|² + (1−t)² = 1, आणि त्यातून t = 2/(|z|²+1). z = 2 साठी t = 2/5. बस, बाकी सगळं यातूनच निघतं. इथून पुढे मी हाच, विषुववृत्तातून प्रतल जाणारा गोल धरून चाललोय.

आता मुख्य भानगड: अनंतबिंदू.

प्रतलातल्या प्रत्येक बिंदूला गोलावर जागा मिळते, पण उलट बाजूने पाहिलं तर N उरतो. N मधून जाणाऱ्या ज्या रेषा गोलाला तिथे फक्त स्पर्श करतात, त्या प्रतलाला समांतर असतात, त्यामुळे प्रतलात N चा जोडीदार नाही. त्यालाच आपण ∞ हे नाव देतो. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. घोळ पुढे होतो, कारण बारावीच्या कॅल्क्युलसमधून आपण +∞ आणि −∞ अशी दोन गाठोडी डोक्यावर घेऊन आलेलो असतो. मग संमिश्र प्रतलात आल्यावर i∞ चंही एक तिसरं बांधलं जातं.

गोलावर बिंदू एकच आहे. z = 100 आणि z = −100 घ्या. प्रतलात त्यांच्यात 200 चं अंतर आहे. गोलावरचं सरळ अंतर, म्हणजे जीवेची लांबी, 2|z−w|/√((1+|z|²)(1+|w|²)) या सूत्राने येते. ती 400/10001, म्हणजे जेमतेम 0.04. दोघेही N च्या अगदी शेजारी आहेत, प्रत्येकाचं N पासूनचं अंतर 2/√10001, सुमारे 0.02. वास्तव अक्षाची दोन्ही टोकं वर जाऊन एकाच जागी मिळतात, अक्षाचं एक पूर्ण वर्तुळ होतं. काल्पनिक अक्षाचंही तसंच, आणि तोही त्याच N मधून जातो.

म्हणून z → ∞ चा अर्थ |z| → ∞ एवढाच, दिशा काहीही असो. याचे परिणाम कॅल्क्युलसच्या सवयीला खटकतात. (−1)ⁿ·n ही क्रमिका तिथे हेलकावे खाते, तिला सीमा नाही. इथे ती निमूटपणे ∞ कडे जाते. tan x चा आलेख π/2 पाशी डावीकडून वर आणि उजवीकडून खाली पळतो, दोन तुकडे होतात. गोलावर tan z तिथे अजिबात तुटत नाही, N मधून जाऊन पलीकडे निघतं. तो साधा पोल आहे.

पण याच नियमाची दुसरी धार विसरू नका. f(∞) ची किंमत सांगायची तर सगळ्या दिशांनी एकच उत्तर यायला हवं. e^z पाहा. वास्तव अक्षावर उजवीकडे गेलात तर e^z → ∞. डावीकडे गेलात तर 0. काल्पनिक अक्षावर वर चढलात तर |e^z| = 1 राहतं आणि किंमत एकक वर्तुळावर फिरत बसते; z = 2πin वर तर दर वेळी 1. चारी वाटा त्याच N कडे जातात आणि चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणून «e^∞ = ∞» हे वाक्य इथे चूक आहे. ∞ पाशी e^z ला सीमाच नाही, तिथे अत्यावश्यक सिंग्युलॅरिटी आहे. बहुपदीला हा त्रास नाही: z² + 5z कुठूनही ∞ कडे जा, ∞ च येतं.

बेरजेची चूक याच घरची. कॅल्क्युलसमध्ये ∞ + ∞ = ∞ लिहायला कोणी हरकत घेत नाही. इथे n आणि 5−n या दोन्ही क्रमिका ∞ कडे जातात आणि त्यांची बेरीज नेहमी 5. तेव्हा ∞ + ∞ अनिश्चित, 0·∞ अनिश्चित. 1/0 = ∞ मात्र चालतं, कारण कोणत्याही दिशेने शून्याकडे जा, 1/z गोलावर N कडेच जातं. ज्या क्रियेचं उत्तर वाटेवर अवलंबून नाही तीच मान्य, एवढं ध्यानात ठेवलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

समांतर रेषांबद्दलही एक उसनं वाक्य कानावर येतं: «त्या अनंतात मिळतात.» चित्रकाराच्या यथार्थदर्शनात रुळांच्या दोन पट्ट्या क्षितिजावर मिळतात खऱ्या, पण तिथे प्रत्येक दिशेला स्वतःचा अनंतबिंदू असतो. ती वेगळी भूमिती आहे. रीमान गोलावर सगळ्याच रेषा N मधून जाणारी वर्तुळं होतात. y = 0 आणि y = 1 या रेषांची वर्तुळं N पाशी एकमेकांना स्पर्श करतात. एकमेकींना छेदणाऱ्या रेषाही N पाशी पुन्हा भेटतात, आणि तेवढ्याच कोनात. म्हणजे «मिळतात» ही समांतर रेषांची खासियत नव्हेच. त्यांची खासियत स्पर्श करण्यात आहे.

वर्तुळाच्या केंद्राची चूक अधिक चिवट आहे, कारण तिच्या आधीचं विधान खरं असतं. स्टिरिओग्राफिक प्रक्षेपात वर्तुळाचं वर्तुळच होतं, हे बरोबर. म्हणून केंद्राचंही केंद्र होत असणार, असं मन गृहीत धरतं. तसं होत नाही. एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू.

|z − 2| = 1 हे वर्तुळ घ्या. ते वास्तव अक्षाला 1 आणि 3 वर छेदतं. 1 ची प्रतिमा (1, 0, 0), 3 ची (0.6, 0, 0.8). वर्तुळावरचा आणखी एक बिंदू 2+i, त्याचा |z|² = 5, प्रतिमा (2/3, 1/3, 2/3). तिन्ही बिंदू 2X + Z = 2 या प्रतलात बसतात का पाहा: 2, 1.2 + 0.8, 4/3 + 2/3. तिन्ही वेळा 2. म्हणजे प्रतिमा खरोखर वर्तुळ आहे, गोलाचा एक सपाट काप. आता केंद्र. z = 2 ची प्रतिमा (0.8, 0, 0.6) हे आधीच आलंय. पण या कापाने गोलाची जी टोपी वेगळी होते तिचं टोक, जे वर्तुळाच्या सर्व बिंदूंपासून सारख्या अंतरावर आहे, ते कापाच्या लंब दिशेला असतं: (2, 0, 1)/√5, म्हणजे साधारण (0.894, 0, 0.447). हा बिंदू प्रतलात परत आणला तर z = X/(1−Z) = 2/(√5−1) = (1+√5)/2, सुमारे 1.618. सुवर्ण गुणोत्तर! मी पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा कुठेतरी चुकलोय असं समजून पुन्हा केलं होतं. मुद्दा असा की 2 आणि 1.618 हे एकच नाहीत. ध्रुवाकडे जाताना प्रतल आकसत जातं, म्हणून वर्तुळाचा लांबचा अर्धा भाग गोलावर लहान पडतो आणि z = 2 ची प्रतिमा टोपीच्या टोकापेक्षा उत्तरेकडे सरकते.

ही गोष्ट ज्यांच्या हाताला रोज लागत असे ते होते यंत्रराज बनवणारे. यंत्रराज म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेब. त्याची तबकडी हा आकाशगोलाचा स्टिरिओग्राफिक प्रक्षेपच असतो, फक्त बहुधा दक्षिण खगोलध्रुवावरून घेतलेला. महेंद्रसूरी या जैन मुनींनी फिरोजशाह तुघलकाच्या काळात १३७० मध्ये «यंत्रराज» याच नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. तबकडीवर समान उन्नतांशाची, म्हणजे क्षितिजापासून सारख्या उंचीची, वर्तुळं कोरताना खस्वस्तिकाच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या, बिंदूवर कंपासचं टोक ठेवून सगळी काढली तर यंत्र खोटं बोलेल. आकाशात ती सगळी खस्वस्तिकाभोवती एककेंद्री असतात. तबकडीवर प्रत्येकाचं केंद्र वेगळं, एकापुढे एक सरकलेलं. वर्तुळ काढायचं तर त्याच्या व्यासाची दोन टोकं आधी प्रक्षेपित करायची आणि मग मध्य काढायचा. आपण वर 1 आणि 3 घेऊन तेच केलं, फक्त उलट्या दिशेने.

आता 1/z. गोलावर 1/z चा नकाशा म्हणजे काय, असं विचारलं की वर्गातून उत्तर येतं: «समोरासमोरचा बिंदू, उत्तरेचा दक्षिणेला.» ∞ आणि 0 ची अदलाबदल होते, त्यामुळे असं वाटणं साहजिक. तपासायला कोणीतरी i घेतं. 1/i = −i, आणि i च्या बरोबर समोर गोलावर −i. जुळलं! पण हे जुळणं फसवं आहे. z = 2 घेऊन बघा. 1/2 ची प्रतिमा (0.8, 0, −0.6). 2 च्या समोरचा बिंदू (−0.8, 0, −0.6), म्हणजे −1/2. खरं असं की 1/z हा X अक्षाभोवती 180° चा फिरव आहे: (X, Y, Z) चं (X, −Y, −Z) होतं. समोरचा बिंदू हवा असेल तर −1/z̄ घ्यावं लागतं. काल्पनिक अक्षावर दोन्ही योगायोगाने एकच येतात, म्हणून i हा तपासणीसाठी सगळ्यात वाईट बिंदू. 1+i घ्या: एकीकडे (1−i)/2, दुसरीकडे −(1+i)/2, फरक लगेच उघडा पडतो.

1/z चा हा फिरव नीट कळला की ∞ पाशी काय चाललंय ते पाहायची रीत हाती येते: w = 1/z ठेवा आणि w = 0 पाशी जे दिसेल ते बघा. पण रेसिड्यूच्या बाबतीत हीच रीत अर्धवट वापरली की गणित हमखास चुकतं, आणि परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

∮ z³/(z⁴+1) dz, |z| = 2 वर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. चारही पोल आत आहेत. चार रेसिड्यू काढण्याऐवजी बाहेरचा एकच, ∞ चा, काढायचा असं ठरवलं. f(1/w) = w/(1+w⁴). बरेच जण इथे थांबतात, म्हणतात w = 0 पाशी पोल नाही, फलन 0 होतंय, रेसिड्यू 0, उत्तर 0. चूक. रेसिड्यू फलनाचा नसतो, f(z) dz चा असतो, आणि z = 1/w ठेवल्यावर dz = −dw/w². म्हणून −f(1/w)/w² चा रेसिड्यू काढायचा: −1/(w(1+w⁴)), तो −1. ∞ पाशी फलन शून्य आहे, सुशील आहे, तरी रेसिड्यू −1. हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण साधं 1/z तसंच आहे.

मग चिन्ह. |z| = 2 वर उलट्या काट्यांनी चालताना शून्य डाव्या हाताला असतं, ∞ उजव्या. ∞ वर उभं राहून पाहणाऱ्याला हाच फेरा काट्यांच्या दिशेने दिसतो. म्हणून उत्तर −2πi × (−1) = 2πi. वजा विसरलात तर −2πi येईल. दोन्ही चुका पकडायचा उपाय एकच: ∞ धरून सगळ्या रेसिड्यूंची बेरीज 0 यायला हवी. इथे प्रत्येक पोलचा रेसिड्यू z³/(4z³) = 1/4, चारांचा मिळून 1, आणि ∞ चा −1. जमलं.

शेवटी संगणकावरचा घोळ, कारण आजकाल ही चित्रं पायथॉनमध्ये काढायची फॅशन आहे. परत येण्याचं सूत्र z = (X+iY)/(1−Z) पुस्तकातून जसंच्या तसं टाकलं की लहान संख्यांवर सगळं सुरळीत चालतं. मग z = 1e8 देऊन पाहा. |z|² म्हणजे 1e16, आणि या आकड्यापाशी पायथॉनच्या साध्या `float` संख्येला १ ची भर किंवा घट दिसतच नाही, कारण तिथे शेजारच्या दोन संख्यांत २ चं अंतर असतं. Z बरोबर 1.0 येतो, 1−Z शून्य होतं आणि प्रोग्राम `ZeroDivisionError` देऊन पडतो. म्हणजे z = 1e8 हा संगणकाच्या लेखी अनंतबिंदू झाला, जो तो नाही. X मात्र 2e-8 असा शाबूत आहे. माहिती हरवलेली नाही, ती Z मधून काढायचा हट्ट चुकीचा आहे.

उपाय गोलातच आहे. X²+Y² = 1−Z² वापरून तेच सूत्र z = (1+Z)/(X−iY) असंही लिहिता येतं. उत्तर गोलार्धात हे वापरा, दक्षिणेत जुनं:

```python
def to_plane(X, Y, Z):
    if X == 0 and Y == 0 and Z > 0:
        return None      # N
    if Z > 0:
        return (1 + Z) / complex(X, -Y)
    return complex(X, Y) / (1 - Z)
```

आता 2/2e-8 म्हणजे 1e8 परत मिळतं. उलट दिशेने, म्हणजे प्रतलातून गोलावर जाताना, 1e200 सारखी संख्या आली तर `abs(z)**2` च `OverflowError` देतं. तिथेही |z| > 1 असेल तर w = 1/z घ्यायचं, w ची गोलावरची जागा काढायची आणि Y, Z ची चिन्हं बदलायची; वरचा X अक्षाभोवतीचा फिरव तो हाच. 1e200 साठी X सुमारे 2e-200 येतो, Z 1.0, आणि त्यातून वरचं फंक्शन 1e200 जवळपास तसंच परत देतं.

`None` च्या जागी `float('inf')` परत करायचा मोह होईल. करू नका. पायथॉनचं `inf` हे +∞ आहे, त्याला चिन्ह आहे, `-inf` त्याच्याहून वेगळं मानलं जातं, आणि पुढे कुठेतरी `inf + inf` मुकाट्याने `inf` देऊन जाईल. N ला चिन्ह नाही. त्याची वेगळी खूण ठेवा आणि ती भेटेल तिथे w = 1/z च्या बाजूने हिशेब करा.